तक्त्याचं चित्र गेलं, फक्त परिकल्पना उरली: काय-स्क्वेअरमध्ये किती हाती लागतं?

प्रश्न: सर, सरावपत्रिकेच्या पीडीएफमध्ये तक्त्याचं चित्र उघडतच नाही. त्याखाली एवढंच वाचता येतंय: "H0: तालुका (निपाणी, चिकोडी, खानापूर) आणि मोठ्या आजारात उपचारासाठी निवडलेले शहर ही दोन चले परस्परांपासून स्वतंत्र आहेत. H1: ती स्वतंत्र नाहीत. 5 टक्के सार्थकता पातळीवर तपासा." आकडे नाहीत तर हे सोडवायचं कसं? की सोडूनच द्यायचं?

उत्तर:

सोडून देऊ नका, पण शेवटचं उत्तरही काढायला जाऊ नका. "H0 फेटाळतो" किंवा "फेटाळत नाही" यातलं एकही वाक्य तक्त्यातल्या आकड्यांशिवाय लिहिता येत नाही. त्याच्या आधीची निम्मी वाट मात्र तुमच्या हातातल्या दोन ओळींतून निघते. ती कुठपर्यंत जाते ते नेमकं कळलं, की पत्रिका देणाऱ्या तुमच्या सरांकडे काय मागायचं हेही नेमकं कळेल.

परिकल्पनेचं वाक्य नीट वाचा. त्यात दोन चले आहेत. पहिलं तालुका, आणि त्याचे तीन गट कंसात दिलेत, म्हणजे तक्त्याला तीन ओळी होत्या. दुसरं चल शहर. पण शहरं कोणती हे वाक्य सांगत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. निपाणीहून कोल्हापूर जवळ आणि बेळगाव लांब. खानापूरकर बेळगावलाच येतो. चिकोडीकराला दोन्ही वाटा मोकळ्या, आणि मिरजेच्या दवाखान्यांचा रस्ताही या भागाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कुणी हुबळीलाही जातं. म्हणजे स्तंभ दोन असतील (बेळगाव, कोल्हापूर), तीन असतील (वर मिरज) किंवा चार (वर "इतर").

डिग्रीज ऑफ फ्रीडमचं सूत्र (ओळी − १) × (स्तंभ − १) हे तुम्हाला पाठ असेल. तीन ओळींसाठी ते २ × (स्तंभ − १) होतं. दोन स्तंभ असतील तर २, तीन असतील तर ४, चार असतील तर ६. पाच टक्के पातळीवरच्या उंबरठ्याच्या किमती त्याच क्रमाने ५.९९१, ९.४८८ आणि १२.५९२. कच्च्या कामात या तिन्ही लिहून ठेवा. यांतली कुठली लागू होते, ते तक्त्याचा फक्त मथळा कळला तरी ठरेल.

हा फरक किती मोठा आहे ते आकड्यांवर पाहू. खालचे आकडे हिशोब दाखवण्यासाठी मी मनाने घेतले आहेत. कुठल्याही पाहणीतले नाहीत, आणि तुमच्या पत्रिकेत हेच होते असंही समजू नका. २०० कुटुंबं घेतली, शहरं फक्त दोन.

| तालुका | बेळगाव | कोल्हापूर | एकूण |
|---|---|---|---|
| निपाणी | ४० | ४० | ८० |
| चिकोडी | ३६ | २४ | ६० |
| खानापूर | ४४ | १६ | ६० |
| एकूण | १२० | ८० | २०० |

H0 खरी मानली तर तालुका कुठलाही असो, बेळगावला जाणाऱ्यांचं प्रमाण एकच असायला हवं, २०० पैकी १२०, म्हणजे ६० टक्के. मग निपाणीच्या ८० कुटुंबांपैकी ४८ बेळगावला आणि ३२ कोल्हापूरला अपेक्षित. चिकोडीत ३६ आणि २४, खानापुरात तेच ३६ आणि २४. "ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण" या सूत्राचा अर्थ एवढाच.

आता प्रत्येक घरात प्रत्यक्ष आकडा वजा अपेक्षित आकडा, त्याचा वर्ग, भागिले अपेक्षित. निपाणीत फरक ८ चा: ६४/४८ = १.३३३ आणि ६४/३२ = २.०००. चिकोडीत फरकच नाही, दोन्ही घरं शून्य. खानापुरात पुन्हा ८: ६४/३६ = १.७७८ आणि ६४/२४ = २.६६७. बेरीज ७.७७८.

दोन स्तंभ, म्हणून डिग्रीज ऑफ फ्रीडम २, उंबरठा ५.९९१. ७.७७८ त्याच्या वर, म्हणून H0 फेटाळली. पण हीच ७.७७८ किंमत तीन स्तंभांच्या तक्त्यातून आली असती तर उंबरठा ९.४८८ झाला असता आणि H0 फेटाळता आली नसती. पहिल्या प्रसंगी पी-मूल्य सुमारे ०.०२०, दुसऱ्या प्रसंगी सुमारे ०.१००. म्हणून मिरजेचा स्तंभ होता की नव्हता हा प्रश्न इथे किरकोळ नाही.

स्वतः कार्ल पिअर्सन यांचीही इथेच चूक झाली होती. १९०० साली त्यांनी ही चाचणी मांडली, पण दुहेरी तक्त्याच्या बाबतीत एकूण घरांतून एकच वजा करायचं असं ते धरून चालले. त्या हिशोबाने आपल्या सहा घरांच्या तक्त्याला ५ डिग्री आणि ११.०७० चा उंबरठा मिळाला असता, आणि ७.७७८ ला H0 टिकली असती. ओळींच्या आणि स्तंभांच्या बेरजा आपण त्याच नमुन्यातून घेतो, म्हणून तितकी मोकळीक कमी धरायला हवी, हे आर. ए. फिशर यांनी १९२२ मध्ये दाखवलं.

आता समजा बेरजाही वाचता येताहेत. पत्रिकेत पुष्कळदा चित्राखाली "२०० कुटुंबांपैकी १२० बेळगावला गेली" असं एखादं वाक्य उरलेलं असतं. तेवढ्यावर काम भागेल का? अपेक्षित आकडे पूर्ण निघतील, कारण ते फक्त बेरजांवर उभे असतात. पण काय-स्क्वेअरची किंमत निघणार नाही. वरच्या सगळ्या बेरजा तशाच ठेवा आणि आतले आकडे असे घ्या: निपाणी ४४ आणि ३६, चिकोडी ३६ आणि २४, खानापूर ४० आणि २०. बेळगावची बेरीज १२०, कोल्हापूरची ८०, काहीच बदललं नाही. फरक मात्र ८ ऐवजी ४ चा झाला, आणि वर्ग करताना तो चौथ्या हिश्शावर आला. काय-स्क्वेअर १.९४४, पी-मूल्य सुमारे ०.३८. H0 फेटाळायला काही आधार नाही. परिकल्पनेचं वाक्य तेच, बेरजा त्याच, निर्णय उलटा.

याच जागी डिग्रीज ऑफ फ्रीडम उपयोगी पडतात, आणि त्यांचा हा उपयोग वर्गात फारसा सांगितला जात नाही. हा आकडा म्हणजे बेरजा ठाऊक असताना तक्ता पुन्हा उभा करायला किती घरं लागतात याचं उत्तर. आपल्या तक्त्यात तो २ आहे. निपाणी-बेळगाव ४० आणि चिकोडी-बेळगाव ३६ एवढी दोनच घरं कळली, की खानापूर-बेळगाव १२० मधून ७६ वजा करून ४४ येतं आणि कोल्हापूरचा स्तंभ ओळींच्या बेरजांतून आपोआप भरतो. मात्र दोन घरं वेगवेगळ्या ओळींतली हवीत. निपाणीचीच दोन्ही घरं सांगितली तर दुसऱ्याने नवं काही दिलं नाही, कारण ते ८० मधून ४० वजा करून आपणच काढलं असतं.

म्हणून पीडीएफचा उरलेला मजकूर शोधक नजरेने वाचा. उपप्रश्नात "निपाणीतील निम्म्या कुटुंबांनी कोल्हापूर निवडले, याचे कारण काय असेल?" असं काही असेल तर एक घर सापडलं. उत्तरसूचीत अपेक्षित आकड्यांची ओळ असेल तर त्यांच्या बेरजा म्हणजेच मूळ बेरजा. टक्केवारी दिली असेल तर एकूण कुटुंबं किती हे शोधा, कारण टक्केवारीवर काय-स्क्वेअर लावता येत नाही. तेच प्रमाण ठेवून २०० ऐवजी १०० कुटुंबं घेतली तर ७.७७८ चे ३.८८९ होतात आणि निर्णय बदलतो.

उत्तरसूचीत नुसतं "काय-स्क्वेअर = ७.७७८" असेल आणि स्तंभ किती हे ठाऊक असेल तर निर्णय घेता येईल, पण तक्ता उभा राहणार नाही, आणि कोण कुठे जातं हेही कळणार नाही. कारण पाहा: निपाणी-बेळगाव ५६, निपाणी-कोल्हापूर २४, खानापूर-बेळगाव २८, खानापूर-कोल्हापूर ३२ असे आकडे घेतले आणि चिकोडी तशीच ठेवली, तरी उत्तर ७.७७८ च येतं. या तक्त्यात खानापूरकर कोल्हापूरकडे झुकलाय आणि निपाणीकर बेळगावकडे, म्हणजे आपल्या डोळ्यांसमोरच्या वस्तुस्थितीच्या नेमकं उलट. वर्ग करताना वजा-अधिकची खूण जाते. म्हणून या चाचणीची H1 "स्वतंत्र नाहीत" एवढंच म्हणते. "निपाणीकर कोल्हापूरला जास्त जातात" ही H1 इथे बसत नाही. तसं काही म्हणायचं असेल तर निर्णयानंतर तक्त्यातली टक्केवारी वाचून म्हणायचं: निपाणीत ५० टक्के कोल्हापूरला, खानापुरात जेमतेम २७ टक्के.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात उत्तरपत्रिका तपासायला गेलो होतो. प्रश्नपत्रिकेच्या झेरॉक्समध्ये तक्त्याचा कागद दुमडला गेला होता आणि दोन आकडे काळ्या पट्ट्यात गेले होते. बऱ्याच मुलांनी मनानेच आकडे भरून पूर्ण गणित केलं होतं. हिशोब बिनचूक, निष्कर्ष सुबक, आणि सगळं पोकळ. एका मुलीने मात्र ओळींच्या बेरजा पाहून ते दोन आकडे वजाबाकीने काढले होते आणि बाजूला लिहिलं होतं, "बेरजेवरून". तिला पूर्ण गुण दिलेच. बाकीच्यांचं मला वाईट वाटलं, कारण आकडे अदृश्य असले तरी मिळवता येतात हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

परिकल्पनेच्या शब्दांतून आणखी एक गोष्ट वाचायची असते: नमुना कसा घेतला. "परस्परांपासून स्वतंत्र" हे शब्द एकाच नमुन्याचे आहेत. सगळ्या भागातून २०० कुटुंबं उचलली आणि प्रत्येकाला तालुकाही विचारला, शहरही विचारलं. त्याऐवजी निपाणीतून ८०, चिकोडीतून ६०, खानापुरातून ६० असं आधीच ठरवून घेतलं असेल, तर तालुक्याच्या बेरजा आपण ठरवलेल्या, त्या पाहणीतून आलेल्या नाहीत. तेव्हा H0 "तिन्ही तालुक्यांत शहरांचं प्रमाण सारखंच आहे" अशी लिहायची, आणि त्या चाचणीला एकजिनसीपणाची चाचणी म्हणतात. गणित, डिग्री, उंबरठा सगळं तेच राहतं. वाक्य तेवढं बदलतं. तुमच्या पत्रिकेत "स्वतंत्र" असल्याने स्वातंत्र्याची चाचणीच लिहा.

आता चित्र मिळालंच आणि त्यात "इतर" नावाचा बारीकसा स्तंभ निघाला, तर तिथे थांबा. समजा २०० पैकी १२ कुटुंबं त्या स्तंभात आहेत. निपाणीत अपेक्षित ८० × १२ / २०० = ४.८, चिकोडी आणि खानापुरात ३.६. तिन्ही घरं पाचाच्या खाली. काय-स्क्वेअरचं कोष्टक हे अंदाजाचं कोष्टक आहे, आणि अपेक्षित आकडे लहान झाले की तो अंदाज ढळतो. विल्यम कॉक्रन यांनी १९५४ मध्ये सांगितलेला निकष बहुतेक पुस्तकांत आहे: पाचाखालचे अपेक्षित आकडे एकूण घरांच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत आणि एकाखाली एकही नसावा. तीन ओळी आणि तीन स्तंभांच्या नऊ घरांत तीन घरं पाचाखाली म्हणजे ३३ टक्के. मुलं इथे नेहमी गफलत करतात. प्रत्यक्ष आकडा ३ दिसला की घाबरतात. नियम अपेक्षित आकड्याचा आहे, प्रत्यक्ष आकडा शून्य असला तरी चालतं.

उपाय म्हणून स्तंभ जोडतात, पण "इतर" कुठे जोडायचा? आपल्या सीमाभागात हा प्रश्न गणिताच्या बाहेरचा आहे. "इतर"मध्ये मिरज असेल तर ती कोल्हापूरशी जुळते, कारण दोन्ही महाराष्ट्रात. हुबळी असेल तर ती बेळगावशी. तसं जोडलं की चल "शहर" राहत नाही, "उपचार कर्नाटकात की महाराष्ट्रात" असं होतं, आणि H0 चं वाक्यही त्याप्रमाणे पुन्हा लिहावं लागतं. दोन्ही मिसळून "इतर" कोल्हापूरमध्ये ढकललं तर पी-मूल्य मिळेल, पण ते कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे हे कुणालाच सांगता येणार नाही. कुठले गट जोडायचे ते आकडे पाहण्याआधी अर्थावरून ठरवा. हवं ते पी-मूल्य येईपर्यंत जोडत बसणं ही फसवणूक आहे, नकळत झाली तरी.

आकडे मिळाल्यावर संगणकावर पडताळायचं असेल तर R मध्ये दोनच ओळी लागतात:

```r
t <- matrix(c(40,40, 36,24, 44,16), nrow=3, byrow=TRUE)
chisq.test(t)
```

उत्तर `X-squared = 7.7778, df = 2, p-value = 0.02047` असं येतं. `df` कडे आधी पाहा. तिथे ५ दिसलं तर तुम्ही `matrix` न करता नुसती सहा आकड्यांची रांग दिली आहे, आणि R ने सगळे आकडे समान आहेत का याची भलतीच चाचणी केली आहे. अपेक्षित आकडे `chisq.test(t)$expected` ने दिसतात. कागदावर पडताळायचं असेल तर दोन डिग्रीसाठी एक सोपी वाट आहे: पी-मूल्य म्हणजे e चा −χ²/२ हा घात. ७.७७८ चं निम्मं ३.८८९, आणि e^(−३.८८९) = ०.०२०. ही वाट फक्त दोन डिग्रीची, चारला किंवा सहाला तशीच लावू नका.

निष्कर्षाच्या भाषेबद्दलही थोडं. H0 फेटाळली तर "तालुका आणि शहर यांत संबंध आढळतो" एवढंच लिहा. "तालुक्यामुळे शहर ठरतं" असं नको. निपाणीकर कोल्हापूरला जातो तो अंतरामुळे, नातेवाइकांमुळे, दवाखान्यात मराठीत बोलता येतं म्हणून की विमा योजनेमुळे, हे हा तक्ता सांगत नाही. H0 फेटाळली नाही तर "स्वतंत्र असल्याचं सिद्ध झालं" असंही नको, "संबंधाचा पुरेसा पुरावा मिळाला नाही" असं लिहा.

तर सध्या वहीत एवढं लिहा: चले दोन, तालुक्याचे गट तीन, H0 आणि H1 पत्रिकेतल्याच, चाचणी स्वातंत्र्याची काय-स्क्वेअर, डिग्री २ × (स्तंभ − १), उंबरठा स्तंभ २, ३ किंवा ४ असतील त्यानुसार ५.९९१, ९.४८८ किंवा १२.५९२, यापुढचं तक्ता मिळेपर्यंत अपुरं. आणि सरांना असा निरोप पाठवा: "सर, प्रश्नातल्या तक्त्याचं चित्र उघडत नाही. स्तंभांत कोणती शहरं आहेत, ओळींच्या व स्तंभांच्या बेरजा किती, आणि निपाणी व चिकोडी या दोन ओळींतले आकडे कळवाल का?" खानापूरची ओळ मागायची गरज नाही, ती वजाबाकीने निघेल.